लिहिलेले एक, वाचायचे दुसरे

वाचकहो, आपले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. या पंथाच्या कित्येक पोथ्या सकळ लिपीत लिहिलेल्या आहेत. त्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर असते. ज्याला किल्ली ठाऊक, त्यालाच पोथी वाचता येते. इंग्रजी वाचू लागलेल्या माणसालाही प्रथम तसेच वाटते. फरक एवढाच, की सकळ लिपी मुद्दाम झाकून लिहिलेली होती. इंग्रजी कोणी मुद्दाम झाकली नाही. ती काळाने झाकली गेली.

आमच्या वर्गात काळे आडनावाचे एक शेतकरी बसत. त्यांच्या कागदावर आडनाव इंग्रजीत होते : के-ए-एल-ई. एका परप्रांतीय कारकुनाने ते 'केल' असे वाचले. काळे म्हणाले, "गुरुजी, हे असं काहून? मी काळे, अन् हा केल म्हणते!"

कारकुनाचे चुकले असे म्हणता येत नाही. त्याने इंग्रजीचा नियम लावला. तो नियम कसा पडला ते आता पाहू.

नाव या अर्थाचा इंग्रजी शब्द 'नेम'. तो लिहितात एन-ए-एम-ई. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक ही चारही अक्षरे उच्चारीत आणि 'नाम' म्हणून पुढे बारीकसा 'अ' जोडीत. आपल्या 'नाम' शब्दाच्या किती जवळचा आहे पाहा! पुढे शेवटचा 'अ' बोलण्यातून गळाला. आपणही 'घर' लिहितो, पण 'र'मधला 'अ' म्हणत नाही, तसेच हे. मग पुढच्या दोन-तीनशे वर्षांत तिकडचे लांब स्वरही बदलत गेले. 'ना'चा 'ने' झाला, 'ई'चा 'आय' झाला.

जीभ बदलली, मग लिखाण का बदलले नाही? मधे छापखाना आला. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. छापील पुस्तके जशी वाढली, तसे शब्दांचे जुने रूप हळूहळू पक्के झाले. बोलणे मात्र पुढे चालत राहिले.

आपण रोज 'लाईट गेली' म्हणतो. तो शब्द लिहितात एल-आय-जी-एच-टी. यातले जी-एच आज मुके आहे. पूर्वी तिथे 'ख' आणि 'ह' यांच्या मधला, घासून निघणारा आवाज होता. शब्द जवळजवळ 'लिख्त' असा होता. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तिच्यात या शब्दातला घासता आवाज अजून ऐकू येतो. म्हणजे मुकी अक्षरे ही बहुधा जुन्या उच्चाराची खूण असते.

आता वाचायचे कसे? व्यंजनांवर बराच भरवसा ठेवा. बी म्हणजे ब, एम म्हणजे म, एल म्हणजे ल. सी मात्र दुतोंडी आहे. तिच्या पुढे ई, आय किंवा वाय असेल तर 'स' म्हणा, एरवी 'क'. एकच शब्द घेऊ : सी-वाय-सी-एल-ई. पहिल्या सीपुढे वाय आहे, म्हणून 'सा'. दुसरीपुढे एल आहे, म्हणून 'क'. झाली सायकल! शेवटची ई मुकी.

खरी अडचण स्वरांची. स्वरांची अक्षरे पाच आणि आवाज वीसच्या आसपास. तेव्हा शब्दाचे शेपूट आधी पाहावे. एम-ए-टी म्हणजे 'मॅट'. त्यालाच शेवटी ई लावली की 'मेट'. ई स्वतः बोलत नाही, पण मागच्या ए ला 'ए' म्हणायला लावते. मागे आय असेल तर त्याचा 'आय' करते. टी-आय-एम-ई म्हणजे टाइम. हा नियम सगळीकडे चालत नाही. एच-ए-व्ही-ई हे 'हेव' नसून 'हॅव' आहे. असे शब्द थोडे, पण रोजच्या वापरातले आहेत. ते पाठच करावे लागतात.

काळ्यांचा 'केल' का झाला हे आता तुम्हीच सांगाल. शेवटच्या ई ने ए चा आवाज बदलला आणि स्वतः गप्प राहिली. त्यात इंग्रजीत ळ नाही, आ आणि अ ला एकच अक्षर, द आणि ड लाही एकच. आपले रिद्धपूर इंग्रजीत आर-आय-डी-डी-एच-ए-पी-यू-आर असे लिहिले, तर परका माणूस 'रिड्डापुर' वाचील. म्हणून माणसाचे वा गावाचे नाव दिसले की इंग्रजीचा नियम बाजूला ठेवावा आणि ज्याचे नाव त्याला विचारावे. अर्जावर जागा असेल तर आपले नाव शेजारी देवनागरीतही लिहावे.

पाटीवर ही अक्षरे काढा : आर-ए-टी-ई, बी-आय-के-ई, एस-ए-एन-ई. पहिली दोन नियमाने वाचा. तिसरे शहाणा या अर्थाचा इंग्रजी शब्द असेल तर 'सेन', आणि आडनाव असेल तर 'साने'.