छायाचित्रातील दानाची मोजदाद

उज्जयिनीत श्रावण-भाद्रपदातील महाकालाच्या सवारीच्या सुमारास लहानमोठ्या सर्वच देवळांच्या दानपेट्या लवकर भरतात. पेटी उघडल्यावर रक्कम वस्त्रावर पसरून तिचे छायाचित्र घेण्याची चाल आता पुष्कळ ठिकाणी पडली आहे. पुढे नोंदवहीतील आकड्याविषयी शंका निघाली, तर त्या छायाचित्रावरून पुन्हा मोजदाद करावी लागते. ती कशी करावी आणि तिच्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे येथे पाहू.

प्रथम नोटा घ्याव्यात. नोट रंगावरून ओळखू नये. तिच्यावरील अंक वाचावा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात २० ची हिरवट-पिवळी व २०० ची पिवळी नोट सारखीच भासते, आणि एका नोटेमागे १८० रुपयांची चूक होते. अंक झाकलेला असल्यास मागील चित्र पाहावे. २० च्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत, तर २०० च्या नोटेवर सांचीचा स्तूप. २०१७ ची ५० ची नोट निळी आहे आणि १०० ची जुनी नोटही निळसरच असते, हेही ध्यानात ठेवावे.

नाण्यांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. सिंहमुद्रा वर असलेल्या नाण्याचे मूल्य बहुधा खालच्या बाजूस दडलेले असते. तरी काही नाणी तशीही ओळखता येतात. १० च्या नाण्याचे कडे पिवळे व मध्य पांढरा असतो. २० च्या नाण्याचे कडे पांढरे, मध्य पिवळा आणि आकार बारा बाजूंचा असतो. सगळे पिवळे, गोल नाणे पाचाचे असते. परंतु गोल पांढरे नाणे एकाचे, दोनाचे किंवा जुने पाचाचेही असू शकते. आकारावरून येथे निवाडा होत नाही. २०११ च्या मालिकेतील एक रुपया सुमारे २२ मिलिमीटर रुंद आहे, तर २०१९ च्या मालिकेतील दोन रुपये २३ मिलिमीटर. जुने पांढरे पाच रुपयेही २३ मिलिमीटरच. छायाचित्र तिरपे घेतले असल्यास जवळचे नाणे मोठे दिसते आणि हा एका मिलिमीटरचा फरक नाहीसा होतो. म्हणून अशा नाण्यांचे मूल्य अंदाजाने न ठरवता त्यांचा ‘अनिर्णित’ असा स्वतंत्र रकाना करावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, छायाचित्रात ५०० च्या ३, २०० च्या २, १०० च्या ७, ५० च्या ४, २० च्या ९ व १० च्या १६ नोटा दिसतात. त्यांची रक्कम अनुक्रमे १५००, ४००, ७००, २००, १८० व १६०. एकूण ३१४० रुपये. मूल्याचा विचार न करता नुसत्या नोटा पुन्हा मोजाव्यात. त्या ४१ भरल्या, तर कोणती नोट सुटली किंवा दोनदा धरली गेली नाही असे समजावे. नाण्यांत १० ची ११, ५ ची १३, २ ची १७ व १ ची २२ ओळखू येतात. त्यांचे २३१ रुपये झाले. म्हणजे निश्चित रक्कम ३३७१. शिवाय सहा पांढरी नाणी सिंहमुद्रा वर करून पडली आहेत. ती सर्व एकाची असल्यास ६ रुपये, सर्व पाचाची असल्यास ३० रुपये. तेव्हा खरी रक्कम ३३७७ ते ३४०१ यांच्या दरम्यान असली पाहिजे.

नोंदवहीत मात्र ३४०५ लिहिले आहेत. हा आकडा वरच्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे त्याचा दोष अनिर्णित नाण्यांवर टाकता येत नाही. काहीतरी झाकले गेले आहे किंवा नोंद चुकली आहे. बारकाईने पाहता ५०० च्या नोटेखालून एक तपकिरी कडा डोकावते व तिच्यावर कोणार्कच्या चाकाचा भाग दिसतो. ती १० ची नोट होय. आता निश्चित रक्कम ३३८१ झाली आणि सहा नाण्यांसाठी २४ रुपये उरले. ते एकाच रीतीने भरतात: चार नाणी पाचाची व दोन दोनाची. रक्कम अद्याप बँकेत भरली नसेल, तर ही सहा नाणी उलटून पाहिल्यास खरेखोटे तत्काळ कळते. ती भरली गेली असल्यास मात्र छायाचित्र नोंदीला बाध आणत नाही, एवढेच म्हणता येईल. नोंद सिद्ध झाली, असे म्हणता येणार नाही.

हा संशय मुळातच टाळावयाचा तर छायाचित्रापूर्वी नाणी अंक वर करून, चळत न लावता, दहादहाच्या ओळींत मांडावीत. नोटा एकीचा अंक दुसरीने झाकणार नाही अशा पसराव्यात आणि चित्र बरोबर वरून, पांढऱ्या उजेडात घ्यावे. मग दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावे व दोन्ही आकडे मूल्यवार लिहावेत. केवळ एकूण रक्कम लिहिल्यास चूक कोठे झाली ते सापडत नाही. मूल्यवार लिहिल्यास तंटा एका ओळीपुरता उरतो.