खेकडा, खोकला आणि क्षयाचा संशय

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त मणिपुरात होता. तिकडे त्याला क्षयाचं औषध सुरू केलं, पण शेवटी निदान निघालं ते खेकड्यातून आलेल्या जंताचं. हे कसं शक्य आहे? आणि आम्ही पावसाळ्यात ओढ्यातले मुठे खातो, त्याचं काय?
– एक वाचक, रायगड

उत्तर : शक्य आहे, आणि ईशान्य भारतातल्या डॉक्टरांना ते चांगलंच परिचयाचं आहे. हा जंत म्हणजे पॅरागोनिमस नावाचा पर्णकृमी. आकाराने कॉफीच्या बीएवढा. त्याची अंडी थुंकीतून किंवा विष्ठेतून ओढ्यात पोहोचतात, त्यांतून निघालेली अळी आधी गोगलगायीत वाढते आणि मग खेकड्याच्या मांसात व कल्ल्यांत जाऊन बसते. खेकडा अर्धवट भाजून खाल्ला किंवा त्याचा कच्चा रस औषध म्हणून प्यायला, की अळी माणसाच्या आतड्यात मोकळी होते. तिथे ती थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत उतरते, मग श्वासपटल ओलांडून फुफ्फुसात शिरते. पोहोचून अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात, त्यामुळे रुग्णाला तो खेकडा आठवतही नाही.

आता गफलत कुठे होते ते पाहू. समजा, पन्नास किलो वजनाचा तिशीतला माणूस सहा महिने खोकतोय, अधूनमधून थुंकीत रक्त पडतंय. एक्स-रेवर फुफ्फुसात डाग दिसतात, कधी पोकळी दिसते, कधी छातीत पाणी साठलेलं असतं. आपल्या देशात एवढं दिसल्यावर कुठलाही डॉक्टर आधी क्षयाचा विचार करणार, आणि त्यात त्याचं चूक काही नाही. थुंकी तपासायला जाते. क्षयाचे जंतू दोन-चार मायक्रॉन लांबीचे, म्हणून तंत्रज्ञ काच सर्वांत जास्त वर्धनाखाली धरून गुलाबी काड्या शोधतो. कृमीचं अंडं मात्र ऐंशी-नव्वद मायक्रॉनचं, सोनेरी तपकिरी, एका टोकाला झाकण असलेलं. ते कमी वर्धनाखाली, विस्तृत नजरेने पाहिलं तरच सापडायचं. शिवाय आता थुंकी बऱ्याचदा थेट सीबीनॅट यंत्रात जाते. यंत्र क्षयाच्या जंतूचा जनुक शोधतं, तो नाही म्हणतं, आणि ते खरंच असतं. पण तोवर ती थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली कोणी पाहिलेलीच नसते. मग ‘अहवालात नसला तरी लक्षणांवरून क्षय’ असं ठरवून गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्या जिवाणू मारतात, कृमीला त्यांचं काहीच होत नाही. सहा महिन्यांनी खोकला तिथेच, आणि आता संशय औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचा!

हुशार डॉक्टरला वेगळेपण खुणावतं ते रुग्णाच्या चेहऱ्यात. एवढ्या दिवसांच्या क्षयाने माणूस खंगतो, भूक मरते, संध्याकाळी ताप येतो. इथे माणूस बरा जेवतो, कामालाही जातो, फक्त सकाळी गंजासारखी तांबूस थुंकी टाकतो. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल नावाच्या पेशी बऱ्याच वाढलेल्या आढळतात. (या पेशी दम्यात आणि साध्या जंतांतही वाढतात, आणि जुन्या संसर्गात पुन्हा उतरू शकतात, म्हणून एवढ्यावर निकाल लावू नये.) मग एकच प्रश्न विचारायचा : गेल्या काही महिन्यांत किंवा वर्षांत ओढ्याचा खेकडा कच्चा किंवा कमी शिजलेला खाल्लात का? उत्तर हो आलं, तर थुंकीचा ओला नमुना पुन:पुन्हा पाहायचा. अंडी रोज सापडतातच असं नाही. छातीत नुसतं पाणी असेल तर थुंकीत अंडी मिळतच नाहीत, तेव्हा रक्तातली प्रतिपिंडं तपासावी लागतात.

औषध मात्र सोपं आहे. प्राझिक्वांटेल, दर किलोला २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन ते तीन दिवस. आपल्या पन्नास किलोच्या माणसाला एका वेळी १२५० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० च्या साधारण दोन गोळ्या, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हा कृमी डोक्यात गेला असेल तर औषधाने झटके येऊ शकतात, म्हणून तसं काही नाही ना हे आधी पाहतात. आणि एक सांगायलाच हवं : क्षय आणि कृमी एकाच माणसात असू शकतात. खेकडा खाल्ला म्हणून क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

राहिले तुमचे मुठे. भारतात माणसांतले बहुतेक रुग्ण ईशान्येकडचे आहेत आणि खळखळून उकळलेल्या रश्शात अळी जगत नाही. लक्ष ठेवायचं ते त्याआधीच्या कामावर. बारीक नांग्या वाटून, गाळून काढलेला रस कच्चाच असतो. तो रश्शात घातल्यावर चांगली उकळी फुटेपर्यंत मीठ चाखायचं नाही, आणि ज्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये तो काढला, ते धुतल्याशिवाय त्यावर कोथिंबीर-खोबऱ्याची चटणी वाटायची नाही. मीठ, लिंबू किंवा दारूत मुरवलेला कच्चा खेकडा शिजवल्यासारखा वाटतो, पण तसा तो नसतो.