पदाचे नाव खोडल्यावर काय उरते?

दहावीच्या निरोप समारंभाआधी मी दरवर्षी मुलांना एक कोरा कागद देतो आणि पुढील आयुष्यात काय करायचे ते लिहावयास सांगतो. बहुतेक कागदांवर एकेक शब्द उतरतो : कलेक्टर, फौजदार, इंजिनिअर. ज्यांच्या घरात आजवर कुणी कार्यालयातील खुर्चीवर बसले नाही, त्यांना प्रथम खुर्चीच दिसावी हे स्वाभाविक आहे. परंतु पदाचे नाव म्हणजे ध्येयपत्र नव्हे. पद मिळाले की ते तेथेच संपते; न मिळाल्यास माणसाला आपणच संपलो असे वाटू लागते. अभ्यासिकेत तिशी उलटलेले आपले कितीतरी विद्यार्थी याची साक्ष देतील.

म्हणून दुसऱ्या तासाला मी पदाचे नाव खोडावयास लावतो. उरलेल्या जागेत तीन गोष्टी लिहावयाच्या : कोणासाठी, कोणते काम, आणि काय गमावून ते करणार नाही. एका मुलीने 'क्लास वन अधिकारी' हे शब्द खोडून बराच वेळ लेखणी तशीच धरून ठेवली. तिची वस्ती गावाच्या टोकाला. नळाला पाणी आले तरी तेथपर्यंत धार पोहोचत नसे. शेवटी तिने लिहिले : "ज्या वस्तीत पाणी सर्वांत शेवटी पोहोचते, तेथे ते रोज पोहोचावे म्हणून मी पाणीपुरवठ्याची कामे शिकेन आणि उभारीन. आईवडिलांना वाऱ्यावर सोडून हे करणार नाही." खाली तारीख घातली. तारीख हवीच; पुढे काय बदलले हे तिच्यावरूनच कळते.

स्थापत्य पदविका झाल्यावर ती पेचात सापडून माझ्याकडे आली. जिल्ह्यातील जलवाहिनीच्या एका ठेकेदाराकडे काम होते, पण पगार तुटपुंजा. पुण्यात इमारती बांधणाऱ्याकडे पगार दुप्पट, आणि वडिलांच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज. "सर, पुण्याला गेले तर हा कागद खोटा ठरेल का?" असे तिने विचारले.

मी तिला इतिहासातील एक उदाहरण सांगितले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. परत येऊन ते शिक्षण पुरे करण्याची मुभा मात्र त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. 1918 साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. नोकरी मानाची होती. अनेकांनी तेथेच आयुष्य काढले असते. त्यांनी पगारातून पैसे साठवले, 1920 मध्ये राजीनामा दिला आणि शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांच्या आधारे पुन्हा लंडन गाठले. नोकरी ही वाट होती, मुक्काम नव्हे. आडवाटेने जाण्यात दोष नाही. ती कोठे संपते हे आधीच ठरलेले असावे.

तिने कागदाच्या मागे लिहिले : "पुणे, कर्ज फिटेपर्यंत, जास्तीत जास्त तीन वर्षे. तेथे पंप, नळजोडणी आणि अंदाजपत्रकाचे काम मागून घ्यायचे." कर्ज अडीच वर्षांत फिटले. नेमकी तेव्हाच पगारवाढ समोर आली. ध्येयपत्राची खरी परीक्षा अशा वेळी होते. जो कागद सोयीच्या एकाही गोष्टीला 'नाही' म्हणत नाही, तो पुन्हा लिहावयास घ्यावा. ती परतली आणि ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामावर कमी पगारात, कंत्राटी पदावर रुजू झाली.

पुढे कायम पदाची परीक्षा दोनदा हुकली. त्या रात्री तिला कागद फाडावासा वाटला. यासाठी आमच्या वर्गात एक नियम आहे : अपयशानंतर सहा महिने ध्येयपत्रातील अक्षरालाही हात लावावयाचा नाही. दुःखात माणूस दिशा बदलतो, आणि अनेकदा बदल हवा असतो तो फक्त साधनात. अर्थात कागदाला सगळे पेलत नाही. आजारपण, कर्ज, अंगावर पडलेली भावंडे यांपुढे तो थांबून राहतो. त्याला थांबू द्यावे.

तिच्या कागदात खरी दुरुस्ती झाली ती दहा वर्षांनी, अनुभवातून. नव्या योजना उभ्या राहत होत्या; मात्र वीजबिल थकले किंवा पंप जळला की त्या बंद पडत. टाकी उभी, नळ कोरडे. तेव्हा तिने 'उभारीन' हा शब्द खोडला आणि वर लिहिले : "चालू ठेवीन, आणि गावातील दोघींना तरी चालू ठेवावयास शिकवीन."

गेल्या महिन्यात तिने मला त्या कागदाचे छायाचित्र पाठविले. घड्यांवर तो विरला आहे आणि मागील बाजूस तिसऱ्या शाईतील मजकूर आहे. पहिली ओळ मात्र दहावीतल्या अक्षरात आहे तशीच आहे.