‘जुना डेटा आणणे’ ही एक ओळ

एका सहकारी पतसंस्थेची नवी संगणकप्रणाली उभी करणाऱ्या टीममध्ये मी चाचणीचं काम पाहत होते. किक-ऑफच्या सादरीकरणात व्याप्तीच्या स्लाइडवर एक ओळ होती : ‘जुना डेटा नव्या प्रणालीत आणणे’. तिच्यावर कुणीच काही विचारलं नाही. आमचे लोक धरून चालले, की संस्था तपासलेल्या एक्सेल फायली देईल. संस्था धरून चालली, की एकाच सभासदाची दोन-दोन खाती, वारस न नोंदलेल्या ठेवी, चुकलेले पॅन क्रमांक हे सगळं आम्ही निस्तरू. फेब्रुवारीत पहिल्या शाखेचा डेटा चढवला आणि कर्जबाकीची बेरीज तेरजेशी जुळेना. शाखांतली माणसं तेव्हा मार्चअखेरच्या वसुलीत गुंतलेली. नोंदी तपासणार कोण? १ एप्रिलला प्रणाली सुरू व्हायची होती, ती झाली नाही.

तेव्हापासून मी व्याप्तीची स्लाइड दोन रकान्यांत करायला सांगते : काय करणार आणि काय करणार नाही. खरी चर्चा दुसऱ्या रकान्यावरच होते. तिथे ‘दुबार खाती एकत्र करणे आमच्याकडे नाही, ते शाखा करतील’ असं लिहिलं असतं, तर शाखाधिकाऱ्यांनी त्याच बैठकीत हरकत घेतली असती आणि ती हरकत आम्हाला हवीच होती. प्रत्येक ओळीपुढे कोण कुणाला काय, कोणत्या स्वरूपात देणार, हेही हवं.

भूमिकांच्या स्लाइडवर बहुतेक जण हुद्दे मांडतात. त्याऐवजी निर्णय मांडावेत. ‘डेटा बरोबर आहे’ ही सही कुणाची? तिथे एकच नाव असावं. ‘संस्था व टीम संयुक्तपणे’ असं लिहिलं, की सही कुणाचीच होत नाही.

टप्पे ठरवताना ‘मायग्रेशन ८० टक्के पूर्ण’ असलं काही लिहू नये, ते तपासता येत नाही. ‘एका शाखेची सभासदसंख्या, एकूण ठेवी आणि कर्जबाकी जुन्या तेरजेशी रुपयापर्यंत जुळली’ हे मात्र कुणालाही पडताळता येतं. अशी पहिली चाचणी डिसेंबरातच घ्यावी, कारण तेव्हा शाखेत माणसं मोकळी असतात आणि चुका दुरुस्त करायला वेळ उरतो.

कामाच्या पद्धतीचे करार आधी छापून आणू नयेत. स्लाइडवर प्रश्न ठेवावेत आणि उत्तरं टीमने सगळ्यांसमोर भरावीत : शंकेला किती वेळात उत्तर द्यायचं, ते न आलं तर कुणाकडे जायचं, फोनवर ठरलेलं कुठे नोंदवायचं. फोनवरची गोष्ट तर फार महत्त्वाची. आमच्याकडे व्याजाचा एक नियम तोंडी बदलला आणि चाचणीला जुनाच नियम धरला गेला.

सादरीकरण आदल्या दिवशी पाठवावं आणि बैठकीचा निम्मा वेळ व्याप्तीला द्यावा. शेवटी ‘काही शंका?’ असं न विचारता, ‘करणार नाही’चा रकाना समोरच्या पक्षाच्या एखाद्या माणसाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. तो जिथे अडखळेल, ती ओळ तिथल्या तिथे बदलून घ्यावी.