आकडे पुसून मिळतील का?

‘दादा, खालचे आकडे तेवढे उडवा, पाच मिनिटांचं काम आहे.’ लासलगावच्या कांदा बाजारावरच्या माहितीपटाचं कच्चं चित्रीकरण हातात देताना निर्मिती व्यवस्थापकानं मला हे सांगितलं. त्याला पाच मिनिटांचं काम वाटत होतं, तर त्यानंच करायला हवं होतं.

प्रत्येक शॉटच्या तळाशी मधोमध काळ्या पट्टीवर टाइमकोड छापलेला होता: तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम. आधी ते आकडे खरोखर चित्रात आहेत का, हे पाहिलं. रिझॉल्व्हमध्ये `Data Burn-In` चालू राहिलं असेल, तर आकडे फक्त वरून दिसतात आणि एका खुणेनं जातात. पण तीच फाइल व्हीएलसीमध्ये उघडली, तरी आकडे होतेच. म्हणजे ते पिक्सेलमध्येच भाजले गेले होते. आकड्यांखालचं चित्र त्या फाइलमध्ये उरलेलंच नसतं. त्यामुळे ‘काढणं’ म्हणजे एकतर तो भाग कापणं, झाकणं, नाहीतर तिथं काहीतरी अंदाजानं रंगवणं.

कापण्याचा हिशेब सरळ आहे. चित्र १९२० बाय १०८०. पट्टी साधारण ९८०व्या ओळीपासून सुरू होत होती, म्हणून ९७२ ओळी ठेवल्या. प्रमाण राखायचं तर रुंदी १७२८ उरते आणि चित्र १११ टक्के मोठं करावं लागतं. मुलाखतींना हे चालून गेलं. लिलावाच्या शॉटमध्ये मात्र बोली लावणाऱ्याचा हात आणि ट्रॉलीतला कांदा नेमका तळाशीच होता. ते कापलं, तर शॉटमध्ये पाहायचं काय?

म्हणून तिथं एफएफएमपेगचा फिल्टर लावून पाहिला:

```
ffmpeg -i in.mov -vf "delogo=x=660:y=980:w=600:h=60" -c:a copy out.mov
```

हा फिल्टर चौकटीच्या कडेचे रंग आत ओढून भोक बुजवतो. मागे सपाट भिंत किंवा आकाश असेल, तर नजरेला कळतही नाही. कांद्याच्या ढिगावर मात्र गुळगुळीत लालसर डाग पडला आणि कॅमेरा सरकला की ढीग हलायचा, डाग जागेवरच राहायचा. स्थिर शॉटमध्ये त्याच जागेची मोकळी फ्रेम मिळाली, तर तिचा तुकडा वर चिकटवता येतो; पण इथं आकडे सगळ्याच फ्रेमवर एकाच जागी. मोकळी फ्रेम आणणार कुठून? नावाची पट्टी टाकून झाकायचं म्हटलं, तर मिनिटभराच्या शॉटवर कुणाचं नाव लिहायचं?

रात्री उशिरा तो डाग पाहत बसलो असताना वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली: `A004_C012`. कॅमेऱ्यानं दिलेलं मूळ क्लिपचं नाव! म्हणजे मला दिलेल्या फाइली फक्त कामापुरत्या हलक्या प्रती होत्या, आणि आकडे छापले होते ते पुढे मूळ फाइल शोधता यावी म्हणूनच. मी जे पुसायला बसलो होतो, तोच मूळ फाइलचा पत्ता होता.

मी लगेच निर्मिती व्यवस्थापकाला फोन केला. ‘ओरिजिनल? ती हार्ड डिस्क आमच्या कपाटातच आहे की. तुम्ही मागितली कुठं?’ माझ्या पहिल्याच मेलमध्ये ‘मूळ कॅमेरा फाइली पाठवा’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तो मेल त्यांना पुन्हा पाठवला. उत्तर नाही.

डिस्क आल्यावर मूळ फाइली टाइमलाइनला जोडल्या. इथं एक खाच आहे. हलक्या प्रतीत मूळ टाइमकोड आणि फाइलचं नाव टिकलेलं असेल, तर जोडणी आपोआप होते. पण दुसऱ्या कॅमेरामननं प्रत्येक कार्डावर टाइमकोड शून्यापासून सुरू केला होता, आणि त्या प्रतींवर क्लिपचं नावही नव्हतं. दोन कार्डांवर 00:03:12:08 असेल, तर सॉफ्टवेअर चुकीची फाइलही उचलू शकतं. ती जोडणी मी एकेक शॉट नजरेनं ताडून केली. छापलेले आकडे आणि मूळ क्लिपचा टाइमकोड शेजारी ठेवून चित्र जुळतंय का, हे बघा. हात वर जाण्याची फ्रेम दोन्हीकडे एकच हवी.

तेव्हा काम घेण्याआधी एक क्लिप मागवा आणि टाइमलाइनबाहेर उघडून बघा. आकडे चित्रात असतील, तर मूळ फाइली आल्याशिवाय तारीख देऊ नका. आकडे पुसायची वेळ आलीच, तर प्रत्येक शॉटचा वेगळा दर लावा आणि निकाल कसा दिसेल, ते एका शॉटवर दाखवून लेखी होकार घ्या. बाकी बॅकअप, करार वगैरे सगळे सांगतातच.

आणि कॅमेरामन मंडळी, बाहेरच्या रेकॉर्डरला एचडीएमआय जोडताना कॅमेऱ्याची माहिती दाखवणारा पर्याय बंद करा. तिथं आकडे रेकॉर्ड झाले आणि कॅमेऱ्यातल्या कार्डावर रेकॉर्डिंग नसेल, तर कोणत्याच कपाटात मूळ प्रत सापडणार नाही.

आकडे पुसण्यात गेलेल्या रात्रींचे पैसे मी बिलात लावले होते. ‘शेवटी ते वापरलंच नाही ना,’ म्हणून त्यांनी कापले.