पुस्तक कुठं खाली ठेवलंत?

१. प्रकाशनाआधी वाचायला द्यायच्या प्रती लेखकाच्या गोतावळ्यात वाटू नयेत. मावसभाऊ पुस्तक वाचत नाही, लेखकाला वाचतो. शिवाय अ‍ॅमेझॉन घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय काढून टाकतं, ते वेगळंच. मी वाचनालयातल्या ग्रंथपालांना विचारते, अशा प्रकारच्या कादंबऱ्या नेमानं कोण नेतं? तिथून नावं मिळतात. तीस प्रती पाठवल्या तर दहा-बारा जण लिहून कळवतील, एवढाच हिशेब धरावा.

२. छपाईच्या दोन-अडीच महिने आधी, डिजिटल प्रेसवर साध्या मुखपृष्ठाच्या थोड्या प्रती काढाव्यात. वर ठळक छापावं: ‘अभिप्रायासाठी प्रत, विक्रीसाठी नाही, मजकूर बदलू शकतो’. पीडीएफ द्यावीच लागली, तर प्रत्येक पानाच्या तळाशी त्या वाचकाचं नाव टाकावं. त्यानं चोरी थांबत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल फिरलीच तर ती कुठून निघाली ते कळतं.

३. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की मराठी माणूस ‘छान’ म्हणतो आणि विषय संपतो. म्हणून प्रतीसोबत एक कागद देते. पुस्तक कोणत्या पानावर खाली ठेवलंत? मागची पानं कुठं उलटून पाहावी लागली? कोणाचं नाव आठवत नाही?

खानदेशातल्या जिनिंगवरच्या एका कादंबरीबद्दल बहुतेकांनी ‘मध्ये संथ होते’ असं लिहिलं होतं. लेखक प्रकरण कापायला निघाले. पण कागद शेजारी शेजारी ठेवले, तर सगळे लग्नाच्या प्रसंगापाशीच अडकलेले, आणि तिथूनच मागं गेलेले. त्या प्रसंगात विनायक आणि विश्वास हे दोन चुलतभाऊ एकदमच येत होते. वाचक त्यांची गल्लत करत होते. विश्वासचा रघुनाथ केला आणि त्याला एक प्रकरण आधी आणलं. मजकुराची एक ओळही कापली नाही. नव्या वाचकांना तीच पानं दिली, तेव्हा कोणी मागं गेलं नाही.

वाचकाला दुखतं कुठं ते नेमकं कळतं. का दुखतं याबद्दलचा त्याचा अंदाज मात्र पुष्कळदा चुकतो. एकाच्याच तक्रारीवरून मी काही बदलत नाही, तिघं स्वतंत्रपणे एकाच पानावर बोट ठेवतात तेव्हा हातात पेन्सिल घेते.

४. कच्च्या प्रतीवरचं मत आणि जाहीर अभिप्राय यांची सरमिसळ नको. सुधारलेली प्रत त्याच वाचकांना पुन्हा पाठवावी आणि मगच, वाटलं तर लिहा, म्हणावं. ‘वाटलं तर’ हे शब्द महत्त्वाचे. मोफत प्रत देणं अ‍ॅमेझॉनला चालतं, त्या बदल्यात अभिप्रायाची अट घालणं किंवा चांगलं लिहा म्हणणं चालत नाही. प्रत भेट मिळाली, हेही वाचकानं लिहावं. गुडरीड्सवर प्रकाशनाआधी लिहिता येतं, अ‍ॅमेझॉनवर सर्वसाधारण वाचकाला पुस्तक विक्रीला येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून आठवणीचा निरोप प्रकाशनाच्या दिवशी धाडावा. एकदाच.