आयड्रॉपरने रंगाचा कोड वाचताना : एक पिक्सेल का फसवतो?

स्क्रीनशॉटमधला रंग हवा असेल तर आपण काय करतो? चित्र पेंटमध्ये किंवा गिंपमध्ये उघडतो, आयड्रॉपर उचलतो, रंगावर एकदा क्लिक करतो आणि मिळालेला कोड वहीत उतरवतो. कोड सहा अक्षरांचा, अगदी नेमका दिसतो, म्हणून तो बरोबरच असणार असं वाटतं. पण आयड्रॉपर तुम्हाला "या पट्टीचा रंग कोणता" याचं उत्तर देत नाही. तो फक्त "तू ज्या एका ठिपक्यावर बोट ठेवलंस, त्या ठिपक्यात कोणते आकडे आहेत" एवढंच सांगतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजचा सगळा धडा त्यांच्यातल्या फरकाचा आहे.

आधी कोड कसा वाचायचा ते पटकन बघू. `#003366` यात तीन जोड्या आहेत : लाल 00, हिरवा 33, निळा 66. प्रत्येक जोडी सोळाच्या पद्धतीतली संख्या आहे. पहिला अंक गुणिले १६, अधिक दुसरा अंक. म्हणून 33 म्हणजे ३ × १६ + ३ = ५१ आणि 66 म्हणजे १०२. सर्वांत मोठी जोडी FF, म्हणजे २५५. तेव्हा हा रंग झाला लाल ०, हिरवा ५१, निळा १०२, म्हणजे गडद निळा. पांढऱ्यात तिन्ही २५५ असतात, `#FFFFFF`.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर गेल्या वर्षीसारखीच निळी पट्टी हवी आहे, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत शाळेचं नाव. मूळ फाईल कुणाकडे नाही, फक्त एक स्क्रीनशॉट आहे. पट्टीचा खरा रंग `#003366` आहे, पण हे वर्गात कुणाला माहीत नाही. चार गटांनी क्लिक केलं आणि चार वेगळे कोड आणले :

```
गट १   #8099B3
गट २   #BFCCD9
गट ३   #335C85
गट ४   #003366
```

चौघांनीही चित्र तेच वापरलं आणि साधनही बिघडलेलं नाही. मग कोड वेगळे का?

गट १ चा कोड सोडवून बघा. 80 म्हणजे १२८, 99 म्हणजे १५३, B3 म्हणजे १७९. आता निळी पट्टी आणि पांढरं अक्षर यांची बरोबर मधली संख्या काढा. लाल : ० आणि २५५ यांच्या मधोमध सुमारे १२८. हिरवा : ५१ आणि २५५ यांच्या मधोमध १५३. निळा : १०२ आणि २५५ यांच्या मधोमध सुमारे १७९. म्हणजे हा ठिपका अर्धा पट्टीचा, अर्धा अक्षराचा आहे. गट २ चा ठिपकाही असाच, फक्त त्यात तीन हिस्से पांढरा आणि एक हिस्सा निळा.

हे मिश्रण मुद्दाम केलेलं असतं. पडदा चौकोनी ठिपक्यांचा, आणि अक्षराची कड मात्र वळणदार किंवा तिरकी. 'श'ची गाठ चौकोनांत बसवायची तर कड पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. म्हणून संगणक कडेवरच्या ठिपक्याचा जेवढा भाग अक्षराने झाकला असेल, तेवढाच त्यात अक्षराचा रंग मिसळतो. याला अँटी-अलायसिंग म्हणतात. लांबून पाहिलं की कड गुळगुळीत दिसते, म्हणून आपल्याला ते कळतही नाही. पण आयड्रॉपर लांबून बघत नाही, तो थेट त्या एका ठिपक्यातच शिरतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मुलं नेमकी इथेच अडकतात. बारीक अक्षराचा रंग वाचायचा असेल, तर त्या अक्षरात एकही पूर्ण रंगाचा ठिपका नसू शकतो! समजा रेघेची जाडी एकाच ठिपक्याएवढी आहे आणि ती दोन ठिपक्यांच्या मधोमध पडली आहे. मग दोन्ही ठिपके अर्धे-अर्धे मिसळलेलेच. तुम्ही कितीही वेळा क्लिक करा, मूळ रंग हाती लागणार नाही, फिकाच लागेल. म्हणून अक्षराचा रंग हवा असेल तर त्याच पानावरचं सगळ्यात जाड शीर्षक शोधायचं आणि त्याच्या जाड दांड्याच्या पोटात क्लिक करायचं. विंडोजमध्ये कधी कधी काळ्या अक्षराच्या एका कडेला तांबूस आणि दुसऱ्या कडेला निळसर ठिपके सापडतात. तेही अक्षर रेखीव दिसावं म्हणूनच केलेलं असतं. अक्षर तांबूस आहे असं त्यावरून ठरवू नका.

आता गट ३. या मुलांनी खरं तर शहाणपणा केला होता. एका ठिपक्यावर भरवसा नको म्हणून त्यांनी सरासरी घेतली. फोटोशॉपच्या आयड्रॉपरमध्ये `Sample Size` असतो. तिथे `Point Sample` म्हणजे एकच ठिपका, `3 by 3 Average` म्हणजे नऊ ठिपक्यांची सरासरी, `5 by 5 Average` म्हणजे पंचवीस ठिपक्यांची. गिंपमध्ये हेच काम `Sample average` करतं. या गटाने पाच बाय पाच घेतला, पण अक्षराला खेटून. पंचविसांतले वीस ठिपके निळे आणि एक उभी ओळ, म्हणजे पाच ठिपके, पांढरे आले. एक पंचमांश पांढरा मिसळला की लाल होतो ५१, हिरवा ९२, निळा १३३. तोच `#335C85`. गंमत अशी की त्या पंचवीस ठिपक्यांत हा रंग एकाही ठिपक्याचा नाही. एक ठिपका निदान चित्रातला तरी असतो. चुकीच्या जागची सरासरी तर चित्रात नसलेलाच रंग तयार करते. तेव्हा सरासरी घ्यायची ती सपाट रंगाच्या पोटात, कडेपासून चार-पाच ठिपके आत.

मग योग्य पद्धत काय? आधी चित्र आठशे टक्के तरी मोठं करा, म्हणजे एकेक ठिपका चौकोन म्हणून दिसेल. पट्टीचा मोकळा भाग शोधा, जिथे जवळपास अक्षर, सावली किंवा रेघ नाही. तिथे एकच ठिपका वाचायची सेटिंग ठेवून एकमेकांपासून लांब असलेल्या पाच जागी क्लिक करा : चार कोपऱ्यांकडे आणि एक मध्ये. पाचही कोड तंतोतंत सारखे आले तर रंग सपाट आहे, तो घ्या. डावीकडून उजवीकडे आकडे हळूहळू चढत किंवा उतरत गेले तर ती पट्टी एकरंगी नाहीच, तिच्यात रंगाचा उतार आहे. मग एक कोड पुरणार नाही, दोन टोकांचे दोन घ्यावे लागतील. आणि आकडे काही क्रम न ठेवता एक-दोनाने मागेपुढे होत असतील, तर तिसरंच कारण आहे.

ते कारण म्हणजे जेपीईजी. संगणकावर घेतलेला स्क्रीनशॉट बहुधा पीएनजी असतो आणि त्यात प्रत्येक ठिपका जसाच्या तसा जपला जातो. पण तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की त्याचा जेपीईजी होतो. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करतो आणि डोळ्याला फारसं जाणवणार नाही ते गाळून टाकतो. त्यामुळे अक्षराजवळच्या तुकड्यांत बारीक लाटा उमटतात, आणि कडेपासून दोन-तीन ठिपके दूर गेलं तरी रंग शुद्ध नसतो. शिवाय जेपीईजीत उजेडापेक्षा रंगाची माहिती बहुतेक वेळा ढोबळ ठेवलेली असते, दोन बाय दोन ठिपक्यांना मिळून एकच. म्हणून पांढऱ्यावरची बारीक लाल रेघ विटकी दिसते. अशा चित्रात चार-पाच नाही, आठ-दहा ठिपके तरी आत सरका, आणि इथे मात्र मोकळ्या जागी पाच बाय पाचची सरासरी कामाला येते.

पण तीही सगळं दुरुस्त करत नाही. आपला `#003366` नेहमीच्या दर्जाने जेपीईजी केला, तर अगदी सपाट भागातही तो `#003466` होऊ शकतो, कारण आकडे गोळा करताना हिरवा ५१ चा ५२ होतो. हा फरक सगळ्या ठिपक्यांत सारखाच असतो. शंभर ठिकाणी क्लिक केलं तरी शंभर वेळा `#003466` येईल. आकडे मागेपुढे होत असतील तर सरासरीने सावरतात. सगळेच एका बाजूला सरकले असतील तर सरासरीला ते दिसतच नाही. एकाचा फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून पत्रिकेसाठी चालेल. पण नेमका कोड हवा असेल तर पाठवणाऱ्याला तेच चित्र "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा. तसं केलं की फाईल न बदलता येते.

अशीच सरकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पारदर्शकता. समजा पान बनवणाऱ्याने पट्टीला `#003366` दिला, पण ती ऐंशी टक्केच गडद ठेवली आणि खाली पांढरा कागद आहे. मग पडद्यावर काय दिसेल? एक पंचमांश पांढरा मिसळलेला निळा, म्हणजे पुन्हा `#335C85`. गट ३ ला चुकून मिळालेला कोड इथे पट्टीभर सगळीकडे खरोखरच सापडेल. पडद्यावर दिसणारा रंग तोच, पण पान बनवताना लिहिलेला तो नव्हे. तीच पट्टी फोटोवर ठेवली की आकडे वेगळे येतील. स्क्रीनशॉट फक्त मिसळून झालेला रंग दाखवतो, मिसळण्यापूर्वीचे दोन नाही. वेबपानाचा प्रश्न असेल आणि पान उघडता येत असेल, तर ब्राउझरच्या `Inspect` मध्ये मूळ कोड लिहिलेलाच मिळतो, आयड्रॉपरची गरजच नाही.

मॅकवर घेतलेल्या स्क्रीनशॉटबद्दल एवढंच : त्यात पडद्याची रंगपट्टिका जोडलेली असते, त्यामुळे तेच चित्र दोन प्रोग्रॅममध्ये दोन कोड देऊ शकतं. तिथल्या डिजिटल कलर मीटरमध्ये `Display in sRGB` निवडून वाचा, कारण वेबवरचे हेक्स कोड त्याच पद्धतीचे मानले जातात.

करून बघा. पट्टी `#003366` आणि अक्षर पांढरं आहे असं धरा. एका मुलाला `#40668C` मिळाला, दुसरीला `#4A5A6B`. प्रत्येक जोडीसाठी काढा : निळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या अंतरात हा आकडा कितवा हिस्सा पुढे आला आहे? पहिल्या कोडात लाल ६४, २५५ पैकी. हिरवा ५१ ने वाढला, २०४ पैकी. निळा ३८ ने वाढला, १५३ पैकी. तिन्ही सुमारे पाव, म्हणजे तो कडेवरचा ठिपका आहे. दुसऱ्यात लाल पावापेक्षा जास्त सरकला आहे, हिरवा जेमतेम एक पंचमांश, आणि निळा जवळपास जागचा हललाच नाही. तिघांचे हिस्से जुळत नाहीत, म्हणजे हा फक्त पट्टी आणि पांढरा यांच्यातला ठिपका नाही. तिथे सावली असेल, मागे फोटो असेल किंवा जेपीईजीची लाट असेल. त्या जागी चित्र मोठं करून बघा आणि काय सापडलं ते वहीत लिहा.